जुन्या अंकातल्या चित्रावरचे पट्टे: मॉयरे कुठून येतो आणि कसा घालवायचा

एखाद्या जुन्या दिवाळी अंकातलं छायाचित्र स्कॅन केलं की कागदावर कुठेही न दिसणारी जाळी चित्रावर उमटते. कपाळावर तिरके पट्टे दिसतात, आकाशात चौकटी, साडीच्या पदरावर लाटा. कॅमेऱ्याने लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढला तर हिरव्या-जांभळ्या कमानी दिसतात, आणि बारीक रेघांच्या शर्टावर तर इंद्रधनुष्यच उतरतं. या सगळ्याला छपाई आणि फोटोग्राफीतले लोक मॉयरे म्हणतात. कपडा आणि स्क्रीन यांच्याकडे शेवटी येऊ. आधी छापील चित्राचा मॉयरे नीट समजून घेऊ, कारण घरात, वाचनालयात, संस्थेच्या कपाटात जुने अंक असलेल्या बहुतेकांना याच प्रकाराशी झगडावं लागतं. शिवाय तो मुळापासून घालवता येतो, मात्र कामाचा क्रम पाळावा लागतो.

छापील छायाचित्रात करडा रंग नसतो. छापखान्याकडे काळी शाई असते आणि पांढरा कागद असतो, मधलं काही नाही. म्हणून चित्र ठिपक्यांत मोडतात. गडद भागात ठिपके मोठे, उजळ भागात लहान, पण दोन ठिपक्यांच्या केंद्रांमधलं अंतर सगळीकडे सारखं. या ठिपक्यांच्या जाळीला हाफटोन किंवा स्क्रीन म्हणतात आणि ती किती दाट आहे हे इंचाला किती ओळी यावर मोजतात. वर्तमानपत्राची जाळी साधारण ८५ ओळींची, मासिकांची १३३ च्या आसपास, आर्ट पेपरवरच्या चांगल्या छपाईची १७५ ची. एकरंगी चित्रात ही जाळी ४५ अंशांत तिरकी ठेवतात, कारण आडव्या-उभ्या ओळी डोळ्याला लगेच खुपतात आणि तिरक्या तेवढ्या खुपत नाहीत.

स्कॅनरचीही स्वतःची एक जाळी असते, पिक्सेलची. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की दोन्हींत नसलेली मोठी नक्षी दिसते, तसंच इथे ठिपक्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर येते. हे नेमकं कसं घडतं ते एका उदाहरणात आकड्यांनिशी पाहू.

समजा, चित्राची जाळी १०० ओळींची आहे, ४५ अंशांत, फक्त काळ्या शाईची. पान ए-४ आकाराचं आहे आणि ते ६०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल घेऊन, स्कॅन केलं आहे. शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर त्यामुळे ६ पिक्सेल झालं. पण जाळी तिरकी असल्यामुळे सरळ आडवं गेलं तर पुढचा ठिपका साडेआठ पिक्सेलवर सापडतो. इथवर सगळं ठीक आहे. शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर प्रत्येक ठिपका सुटा दिसतो, आणि कुठेही पट्टा नाही.

आता हे पान वेबवर टाकायचं म्हणून ते जवळपास ५००० पिक्सेल रुंदीवरून ६२० वर आणलं, म्हणजे आठ पट लहान केलं. ज्या प्रोग्रॅमने लहान केलं त्याने सोपा मार्ग घेतला: दर आठवा पिक्सेल ठेवला आणि मधले सात टाकून दिले. ठिपका दर साडेआठ पिक्सेलला आहे, आपण नमुना घेतोय दर आठ पिक्सेलला. पहिला नमुना ठिपक्याच्या मध्यावर पडला तर काळा आला. दुसरा नमुना पुढच्या ठिपक्याच्या मध्यापासून अर्धा पिक्सेल अलीकडे पडला, तिसरा एक पिक्सेल अलीकडे. असं घसरत घसरत आठव्या-नवव्या नमुन्याला आपण दोन ठिपक्यांच्या मधल्या पांढऱ्या कागदावर येतो, आणि सतराव्या-अठराव्या नमुन्याला पुन्हा ठिपक्याच्या मध्यावर. म्हणजे कागदावरच्या सुमारे ६ मिलिमीटरमध्ये एक गडद आणि एक उजळ पट्टा तयार झाला. कागदावरचे ठिपके पाव मिलिमीटरचे, आणि त्यांच्या जागी ६ मिलिमीटरची नक्षी. ही नक्षी खोटी आहे, पण फाइलमध्ये ती खऱ्या पिक्सेलच्या रूपात लिहिली गेली आहे.

या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. ठिपक्यांच्या एका अंतरात दोनापेक्षा कमी नमुने पडले की बारीक जाळी मोठ्या पट्ट्यांचं सोंग घेते. ते एकदा घेतलं की फाइलमधला ६ मिलिमीटरचा पट्टा मॉयरेचा आहे की साडीच्या खऱ्या काठाचा, हे सांगणारी कोणतीही माहिती फाइलमध्ये उरत नाही. पट्टा पुसायला गेलं की तेवढ्याच आकाराचा खरा तपशीलही पुसला जातो. म्हणून मॉयरे काढणं हे मुख्यतः पट्टे पुसण्याचं काम नाही. ठिपके स्वच्छ, सुटे दिसतील इतकं दाट स्कॅन करायचं, मग ठिपके विरघळवायचे, आणि त्यानंतरच चित्र लहान करायचं. क्रम उलटा झाला तर नंतर कितीही महागडं सॉफ्टवेअर वापरा, हाती तडजोडच लागते.

पट्टे दिसले की पहिली तपासणी एकच: चित्र शंभर टक्के मोठं करा. बरेचदा पट्टे फाइलमध्ये नसतातच. पाहण्याचा प्रोग्रॅम तेहेतीस टक्क्यांवर चित्र दाखवताना वर सांगितलेलीच घाई करतो आणि पट्टे फक्त मॉनिटरवर उमटतात. झूम बदलला की पट्ट्यांची रुंदी आणि दिशा बदलत असेल तर फाइल शाबूत आहे. शंभर टक्क्यांवर सुटे ठिपके न दिसता पट्टेच दिसत असतील, तर स्कॅन विरळ झाला आहे. अंक हाताशी असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता पुन्हा स्कॅन करणंच शहाणपणाचं, त्यात वेळही कमी जातो.

किती दाट स्कॅन करायचं? एका ठिपक्याच्या अंतरात किमान चार-पाच पिक्सेल बसले पाहिजेत, म्हणजे ठिपक्याचा आकार नीट पकडला जातो. वर्तमानपत्र आणि साध्या मासिकाला ६०० पीपीआय पुरतं. १७५ ओळींच्या आर्ट पेपरला साडेतीनच पिक्सेल मिळतात, तिथे स्कॅनरची ताकद असेल तर १२०० घ्यावं. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपेग आठ-आठ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील फेकतो, आणि ठिपक्यांची जाळी हा त्याच्या दृष्टीने फेकण्यासारखाच तपशील असतो. तो अर्धवट फेकला गेला की जाळी नियमित राहत नाही, आणि पुढचं सगळं काम तर तिच्या नियमितपणावरच चालतं.

आता ठिपके विरघळवण्याचा साधा मार्ग, म्हणजे गॉशियन ब्लर. किती धूसर करायचं हे डोळ्याने अंदाज घेऊन ठरवू नका, ठिपक्यांच्या अंतरावरून ठरवा. ब्लरचा सिग्मा, म्हणजे धूसरपणा किती पसरवायचा तो आकडा, त्या अंतराच्या निम्मा ठेवला तर जाळीची तीव्रता एक टक्क्याच्याही खाली येते. एक तृतीयांश ठेवला तर अकरा टक्के जाळी शिल्लक राहते आणि सपाट आकाशात ती जाणवते. आपल्या उदाहरणात अंतर ६ पिक्सेल, म्हणून सिग्मा ३. अंतर मोजताना शेजारच्या ठिपक्यांच्या तिरक्या ओळीतून दहा अंतरं मोजा आणि दहाने भागा. आडवं मोजलं तर ६ ऐवजी साडेआठ येतील आणि चित्र उगाच जास्त धूसर होईल.

इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रॅममध्ये हे सगळं एका ओळीत होतं:

```
magick scan.tif -colorspace RGB -gaussian-blur 0x3 \
  -resize 25% -colorspace sRGB -unsharp 0x1 out.png
```

यात चित्र ६०० वरून १५० पीपीआयवर येतं. ब्लर न करता नुसतं `-resize 25%` दिलं तर भागत नाही, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. चांगला प्रोग्रॅम लहान करताना पिक्सेल टाकून देत नाही, सरासरी काढतो. पण १५० पीपीआयच्या चित्रात इंचाला ७५ आवर्तनांपर्यंतची नक्षी मावते, आणि आपली तिरकी जाळी आडव्या दिशेने इंचाला ७१ आवर्तनांची आहे. ती त्या चाळणीतून अगदी काठावरून निसटते आणि अर्धवट जाळी, अर्धवट पट्टे असं काहीतरी हाती येतं. उलट ७५ पीपीआयपर्यंत नीट सरासरी काढून लहान केलं असतं, तर ब्लरशिवायही ठिपके गेले असते, कारण मग एकेका नव्या पिक्सेलमध्ये जवळपास एक अख्खा ठिपका विरघळतो. वेबवर छोटं चित्र टाकायचं असेल तर एवढंच पुरेसं आहे, फक्त प्रोग्रॅमच्या खिडकीत `Nearest` किंवा `None` हा पर्याय निवडलेला नाही ना, ते पाहा.

त्या ओळीतल्या दोन `-colorspace` बद्दलही बोललं पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी हे सोडून दिलेलं असतं. अर्धा कागद काळा आणि अर्धा पांढरा असेल तर दुरून पाहणाऱ्या डोळ्याला पोचणारा प्रकाश निम्मा असतो. पण फाइलमधले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. त्यांची थेट सरासरी काढली तर १२८ येते, आणि निम्म्या प्रकाशाचा खरा आकडा आहे १८८. थेट सरासरी काढलेली जुनी छायाचित्रं म्हणूनच काळवंडलेली, चिखलट दिसतात आणि मग लोक ब्राइटनेस वाढवत बसतात. आधी आकडे प्रकाशाच्या प्रमाणात आणायचे, मग धूसर आणि लहान करायचं, मग परत न्यायचं, एवढंच त्या दोन शब्दांचं काम.

स्कॅनरच्या स्वतःच्या खिडकीत बरेचदा `Descreening` असा पर्याय असतो आणि त्यात वर्तमानपत्र, मासिक, आर्ट पेपर असे प्रकार विचारतात. घाईच्या कामाला तो चालतो. पण त्याने एकदा ठिपके काढले की मूळ जाळी परत मिळत नाही, आणि त्याच पानावर मजकूर असेल तर अक्षरांच्या कडाही बोथट होतात. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो, कारण अनुस्वार, रफार आणि उकार हे मुळातच दोन-तीन ठिपक्यांएवढे असतात. मजकूर आणि चित्र एकाच पानावर असेल तर चित्राचा चौकोन निवडून तेवढ्यावरच ब्लर करा, अक्षरांना हात लावू नका.

ब्लरची किंमत उघड आहे. ६ पिक्सेलच्या आसपासचं सगळंच जातं, ठिपके आणि डोळ्यांच्या पापण्याही. पापण्या वाचवायच्या असतील तर दुसरा मार्ग फूरिये रूपांतराचा. त्यामागची कल्पना अशी की कोणतंही चित्र म्हणजे वेगवेगळ्या रुंदीच्या आणि दिशांच्या लाटांची बेरीज. रूपांतर केलं की या लाटांचा एक नकाशा मिळतो. मधोमध रुंद लाटा, कडेला बारीक. चेहरा, झाडं, कापड यांच्या लाटा सगळीकडे विखुरलेल्या असल्यामुळे नकाशावर मध्याभोवती धुकं दिसतं. ठिपक्यांची जाळी मात्र एकाच अंतराची, एकाच दिशेची, म्हणून ती धुक्याबाहेर लखलखीत चांदण्यांसारखी उठून दिसते.

संशोधकांमध्ये रुळलेल्या इमेज-जे या मोफत प्रोग्रॅममध्ये हे हाताने करता येतं. चित्र एकरंगी करून `Process > FFT > FFT` दाबा. १०२४ पिक्सेलच्या चौकोनाचा नकाशा काढला तर आपल्या जाळीच्या चांदण्या मध्यापासून सुमारे १७१ पिक्सेलवर, चारही तिरक्या दिशांना दिसतील, कारण १०२४ ला ६ ने भागलं की तेवढं येतं. माउस चांदणीवर नेला की प्रोग्रॅमच्या पट्टीत ती लाट किती पिक्सेलची आणि किती अंशांत आहे ते उमटतं. ठिपक्यांचं अंतर मोजण्याचीही ही सगळ्यात अचूक रीत आहे. आता प्रत्येक चांदणीवर जेमतेम ती झाकेल एवढं काळं वर्तुळ भरा. चांदण्या मध्याच्या दोन्ही बाजूंना जोडीने असतात, जोडीतल्या दोन्ही झाका. आणखी बाहेर, दुप्पट अंतरावर, फिक्या चांदण्या असतील. त्या ठिपक्यांच्या टोकदार कडांमुळे येतात, त्याही झाका. मधल्या धुक्याला स्पर्श करायचा नाही. मग `Process > FFT > Inverse FFT`. ठिपके गेलेले असतात आणि पापण्या जागच्या जागी असतात.

काळी वर्तुळं फार मोठी झाली तर टोकदार कडांच्या बाजूला पाण्यावर उठणाऱ्या तरंगांसारख्या रेघा दिसू लागतात. फार लहान झाली तर जाळी काही भागांत शिल्लक राहते. आणि चांदणी टोकदार न दिसता फिसकटलेली दिसत असेल, तर कागद काचेवर सपाट बसलेला नव्हता असं समजा. बांधणीच्या कडेला पान वळलं की तिथे ठिपक्यांचं अंतर बदलतं आणि जाळी एका बिंदूत मावत नाही. अशा पानाला ब्लरच बरा.

रंगीत छपाईत हेच तीन वेळा करावं लागतं. निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी, चारही शायांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत असतात: रूढ पद्धतीत निळसर १५ अंश, काळी ४५, गुलाबी ७५ आणि पिवळी ०. तीन ठळक शायांमध्ये ३० अंशांचं अंतर ठेवतात, कारण त्या कोनात एकमेकींवर पडणाऱ्या जाळ्यांची नक्षी सगळ्यात बारीक राहते. भिंगातून दिसणारी छोटी छोटी फुलं ती हीच. फाइलचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग `Image > Color > Split Channels` ने सुटे करा. लाल भागात मुख्यतः निळसर शाईची जाळी दिसते, हिरव्यात गुलाबी शाईची, निळ्यात पिवळ्या शाईची, आणि काळी तिन्हींत. प्रत्येकाचा नकाशा वेगळा साफ करून `Merge Channels` ने जोडायचं.

एक मॉयरे मात्र यातल्या कशानेच जात नाही, तो म्हणजे कागदावरच छापलेला. प्लेटचा कोन चुकलेला असला किंवा आधी छापलेल्या चित्रावरूनच पुन्हा हाफटोन केलेला असला, तर पट्टे शाईतच असतात. भिंग न लावता, अंक हातात धरून पट्टे दिसले तर हेच झालं आहे. असं पान जसं आहे तसं जपावं, ती त्या छपाईची खूण आहे.

भिंगाचा आणखी एक उपयोग आपल्याकडच्या संग्राहकांना होतो. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं दगडावरून छापलेली असत आणि त्यांतले ठिपके कारागिरांनी हाताने दिलेले असत. ते अंतराला आणि आकाराला अनियमित असतात. जाळीच नसल्यामुळे त्या मूळ प्रतींच्या स्कॅनमध्ये मॉयरे उठत नाही. देवघरातल्या लक्ष्मीच्या चित्राच्या स्कॅनवर जाळीदार पट्टे दिसले, तर ते बहुधा पुढच्या काळातलं ऑफसेट पुनर्मुद्रण आहे.

कपड्याच्या बाबतीत पेच वेगळा आहे, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलला एकच रंग दिसतो. चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत दीड मीटरचा भाग आला तर एका सेंटिमीटरला ४० पिक्सेल मिळतात, पण लाल आणि निळे त्यांच्या निम्मेच, २०. शर्टावर अर्ध्या मिलिमीटरला एक रेघ असेल तर सेंटिमीटरला २० रेघा झाल्या. हिरव्याला प्रत्येक रेघ जेमतेम पकडता येते, लाल-निळ्याला येत नाही, आणि दोन्ही रंग वेगवेगळे फसतात. म्हणून कपड्यावरचा मॉयरे रंगीत असतो. पावलं पुढे जाऊन पाऊण मीटरचाच भाग घेतला की प्रत्येक रेघेला दुप्पट पिक्सेल मिळतात आणि रंग निघून जातात. जवळ जाता येत नसेल तर लेन्सचं छिद्र एफ-१६ पर्यंत लहान करा, प्रकाश पसरून चित्र किंचित मऊ होतं आणि मॉयरे बराच उतरतो. अनेक कॅमेऱ्यांत याच कामासाठी सेन्सरपुढे एक काच बसवलेली असते. निकॉनने २०१२ साली डी-८०० आणि डी-८००-ई अशी जोडी आणली. दुसऱ्यात त्या काचेचा परिणाम रद्द केला होता, तपशील वाढला आणि कपड्यांवर मॉयरेचा धोकाही.

फोटो काढून झाला असेल तर रंग तेवढा काढता येतो. डोळ्याला उजेडाचा तपशील बारीक लागतो, रंगाचा नाही. म्हणून चित्राचा उजेड तसाच ठेवून फक्त रंग धूसर करायचा. लाइटरूमच्या ब्रशमधला `Moiré` हा स्लायडर रंगीत पट्ट्यांसाठीच आहे. इरकलीच्या बारीक चौकड्यांवर ब्रश फिरवताना काठाबाहेर जाऊ नका, नाहीतर काठाचा लाल रंग अंगात उतरतो. उजेड-अंधाराचे पट्टे मात्र असेच राहतात. एखाद्याच ठिकाणी ते असतील तर शेजारचं स्वच्छ कापड क्लोन करून झाकता येतं, पूर्ण साडीवर असतील तर फोटो पुन्हा काढावा लागतो.

स्क्रीनचा फोटो काढायचा असेल तर आधी स्क्रीनशॉट घेता येतो का ते बघा. तो मिळत नसेल, म्हणजे दवाखान्यातलं यंत्र, दुकानातला टीव्ही, बंद पडत आलेला मॉनिटर असं काही असेल, तर फोन थोडा मागे-पुढे करा किंवा काही अंश तिरका करा. पट्टे रुंद होतात, बारीक होतात आणि एका ठिकाणी जवळपास नाहीसे होतात, तिथे थांबा. तरी राहिले तर फोकस केसभर स्क्रीनच्या अलीकडे आणा. अक्षरं वाचता येतात आणि पडद्याची जाळी विरघळते. पडद्यावर आडवे काळे पट्टे दिसत असतील आणि ते फोन हलवल्यावरही तशाच रुंदीचे राहत असतील, तर तो मॉयरे नव्हे. पडद्याचा प्रकाश लुकलुकतो आहे आणि शटर त्यापेक्षा वेगाने बंद होतं आहे. शटरचा वेळ १/५० किंवा १/२५ सेकंदावर आणला की ते बहुतेक वेळा जातात.